ब्रिस्कचा गुण उत्तम, फोटो मात्र बिघडलेला: फोटो सुधारणाऱ्या साधनांची तुलना करताना वारंवार येणारी अडचण

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी जुन्या घरांतले फोटो स्कॅन करून जतन करण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. पावसाळ्याचे चार महिने कपाटात बंद राहिलेल्या अल्बमवर ओल चढते, कडेने बुरशीचे ठिपके उमटतात आणि चांदीच्या मिश्रणाचे जुने छाप पिवळट पडतात. त्यामुळे स्कॅन झाल्यावर फोटो थोडेफार सुधारावेच लागतात. त्यासाठी दोन-तीन साधने वापरून पाहिली की प्रश्न येतो: यांतले चांगले कोणते? मूळ, न बिघडलेला फोटो कुणाकडेच नसतो. तेव्हा तुलनेसाठी मूळ न मागणारा, केवळ समोरच्या प्रतिमेवरून गुण देणारा मापक वापरावा, हे साहजिकच सुचते. अशा मापकांत ब्रिस्क बराच प्रचलित आहे. त्याचा गुण साधारण ० ते १०० या पट्टीवर असतो आणि गुण जितका कमी तितकी प्रतिमा चांगली, असे मानले जाते.

अडचण अशी की ज्या साधनाला ब्रिस्क सर्वांत चांगला गुण देतो, त्याचाच फोटो घरची माणसे नाकारतात. हे एकदा घडले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते, पण ते पुन्हा पुन्हा घडले. त्यातले एक उदाहरण मी मुळापासून तपासले. ते येथे सविस्तर देत आहे, कारण कारणे सापडण्याचा क्रम इतरांनाही उपयोगी पडेल.

काय घडले

फोटो कृष्णधवल आहे. चिऱ्याच्या घरासमोर अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि त्याच्या बाजूला एका बाकावर चार बायका बसल्या आहेत. छाप ९ बाय १२ सेंटिमीटरचा असून ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यावर त्याची प्रतिमा सुमारे २१२६ बाय २८३५ पिक्सेलची झाली. छापावर प्रत्येक बाईचा चेहरा जेमतेम ६ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे स्कॅनमध्ये सुमारे १४२ पिक्सेल. त्यांतल्या दोघींनी केसांत अबोलीचा वळेसर माळला आहे. छापावर त्याची जाडी सुमारे २ मिलिमीटर, म्हणजे ४७ पिक्सेल आहे.

या स्कॅनवर मी तीन उपाय केले. पहिला, चौपट मोठी प्रतिमा करून तपशील भरणारे न्यूरल नेटवर्कचे साधन. दुसरा, ओपनसीव्हीमधले नॉन-लोकल मीन्स पद्धतीचे रवाळपणा कमी करणारे साधन, तेही हलक्या मात्रेत. तिसरा, स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवणारी क्लाहे पद्धत आणि त्यानंतर कडा धारदार करणारा अनशार्प मास्क. ब्रिस्कने मूळ स्कॅनला ३८, पहिल्या उपायाला १७, दुसऱ्याला ४६ आणि तिसऱ्याला ४२ गुण दिले. गुणांच्या हिशेबाने पहिला उपाय फार पुढे होता, आणि दुसऱ्याने मूळ स्कॅन बिघडवला होता.

मी तिन्ही प्रती कागदावर छापून त्या घरातल्या माईंना दाखवल्या. पहिली प्रत त्यांनी खिडकीजवळ नेली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "ह्या बाईच्या केसांत हे काय आहे? आमच्याकडे कोणी डोक्याला जाळीचे फडके बांधत नव्हते. तो अबोलीचा वळेसर होता, मी स्वतः गुंफलेला." मग मी स्क्रीनवर प्रत मोठी करून पाहिली. वळेसराच्या जागी बारीक, अत्यंत रेखीव अशी लेसच्या कापडासारखी वीण तयार झाली होती. एकेका फुलाचा पुसट गोळा जाऊन तिथे एकसारखे छिद्र आले होते. चिऱ्याच्या भिंतीवरची ओबडधोबड भोकेही अशीच नेटकी झाली होती. नुसत्या नजरेला प्रत सुबक दिसत होती, पण ती त्या फोटोतली राहिली नव्हती.

वाचनालयाचे कार्यवाह शेजारीच उभे होते. त्यांनी विचारले, "भाऊ, ज्याला पहिला नंबर मिळाला तोच फोटो माई नको म्हणतात, हे कसे काय?"

ब्रिस्क नेमके काय मोजतो

कार्यवाहांना उत्तर द्यायचे तर ब्रिस्क आत काय करतो ते पाहावे लागते, आणि ते फार अवघड नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील अनिश मित्तल, अनुष मूर्ती आणि ॲलन बोविक यांनी ही पद्धत २०१२ साली प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी निरीक्षण असे आहे: कॅमेऱ्याने टिपलेल्या नैसर्गिक, न बिघडलेल्या दृश्यात प्रत्येक पिक्सेलमधून त्याच्या आसपासची सरासरी उजळी वजा केली आणि आसपासच्या चढउताराने भागले, तर उरणाऱ्या संख्यांचे वितरण घंटाकृती वक्राच्या जवळ जाते. प्रतिमा धूसर झाली, तिच्यात रवाळपणा आला किंवा जेपेगचे चौकोन उमटले की हा वक्र ठरावीक तऱ्हेने बदलतो. धूसर प्रतिमेत तो मध्याशी टोकदार होतो आणि रवाळ प्रतिमेत फुगतो.

त्यासाठीचे सूत्र असे:

```
m = (I - mu) / (sigma + 1)
```

येथे `I` म्हणजे पिक्सेलची उजळी, `mu` म्हणजे ७ बाय ७ पिक्सेलच्या खिडकीतली भारित सरासरी आणि `sigma` म्हणजे त्याच खिडकीतले प्रमाण विचलन. छेदातला १ हा सपाट जागी भागाकार फुटू नये म्हणून असतो, आणि तो ० ते २५५ या उजळीच्या पट्टीसाठी आहे. या `m` संख्यांच्या वितरणाला वक्र बसवून त्याचा आकार आणि विस्तार असे दोन आकडे घेतले जातात. मग शेजारच्या पिक्सेलांच्या `m` चे चार दिशांतले गुणाकार घेऊन त्यांच्या वितरणातून १६ आकडे काढले जातात. हेच पुन्हा अर्ध्या आकाराच्या प्रतिमेवर केले की एकूण ३६ आकडे हाती येतात.

शेवटची पायरी शिकवलेल्या मॉडेलची आहे. हे ३६ आकडे सपोर्ट व्हेक्टर रिग्रेशनला दिले जातात. ते मॉडेल लाइव्ह नावाच्या संग्रहावर शिकवलेले आहे. त्यात २९ मूळ प्रतिमा आणि त्यांपासून बनवलेल्या ७७९ बिघडलेल्या प्रतिमा आहेत. बिघाड पाचच प्रकारचे आहेत: जेपेग, जेपेग २०००, पांढरा रवाळपणा, गॉसियन धूसरपणा आणि वायरलेस संदेशवहनात येणारे नुकसान. माणसांनी त्या प्रतिमांना दिलेल्या गुणांवरून मॉडेलने आपली पट्टी शिकली आहे.

म्हणून ब्रिस्कचा गुण नेमके एवढेच सांगतो: या प्रतिमेचा बारीक पोत चांगल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यासारखा आहे की त्या पाच बिघाडांपैकी एखाद्यासारखा. स्कॅनमध्ये वळेसर होता की फडके, हे तो पाहत नाही आणि पाहू शकतही नाही, कारण मूळ स्कॅन त्याला कधी दाखवलेलेच नसते.

कारण पहिले: आकार वेगळा, तर खिडकीत दिसणारी वस्तूही वेगळी

माझी पहिली चूक साधी होती, पण सर्वांत जास्त परिणाम तिचाच झाला. पहिल्या साधनाची प्रतिमा चौपट मोठी, म्हणजे ८५०४ बाय ११३४० पिक्सेलची होती, आणि इतर दोन मूळ आकाराच्याच होत्या. मी तिन्ही फाइली जशाच्या तशा मापकाला दिल्या.

७ पिक्सेलची खिडकी मूळ स्कॅनवर ठेवली, तर ती छापावरच्या सुमारे ०.३ मिलिमीटर जागेवर पसरते. तीच खिडकी चौपट प्रतिमेवर ठेवली की तिच्यात मूळ स्कॅनचे १.७५ पिक्सेल मावतात, म्हणजे छापावर सुमारे ०.०७ मिलिमीटर. अर्ध्या आकाराच्या दुसऱ्या फेरीतही ती मूळच्या ३.५ पिक्सेलांपलीकडे जात नाही. मूळ स्कॅनमध्ये एवढ्या लहान जागी पोत असा नव्हताच. तिथे जे काही आहे ते साधनाने स्वतः भरलेले आहे. मग १७ हा गुण फोटोचा नव्हता, तर साधनाने नव्याने विणलेल्या पोताचा होता, आणि ते साधन असा पोत खराखुरा वाटावा यासाठीच शिकवलेले असते.

४७ पिक्सेल जाडीचा वळेसर तर कोणत्याही आकारात या खिडकीत पूर्ण मावत नाही. फुलाचा आकार, नाकाची कड, वृंदावनाचा कोनाडा या सर्व गोष्टी ब्रिस्कच्या दृष्टीच्या टप्प्याबाहेरच्या आहेत. कार्यवाहांना मी हेच समजावले आणि त्यांना ते लगेच पटले: मापक कापडाचा धागा पाहतो, शिवलेला सदरा पाहत नाही.

दुरुस्ती अशी: सर्व प्रती एकाच आकाराला आणून मगच गुण काढावेत. मोठी प्रत लहान करताना ओपनसीव्हीचे `INTER_AREA` वापरावे, नाहीतर लहान करतानाच कडांशी पायऱ्या उमटतात आणि त्यांचाही गुणावर परिणाम होतो. लहान प्रत मोठी करून बरोबरी साधू नये, कारण तसे केल्याने तिला कृत्रिम धूसरपणा येतो आणि ती निष्कारण मागे पडते. पहिली प्रत मूळ आकाराला आणल्यावर तिचा गुण १७ वरून ३१ झाला. म्हणजे जो प्रचंड फरक दिसत होता त्याचा मोठा भाग केवळ आकाराचा होता.

याच टप्प्यावर फाइलचा प्रकारही तपासून घ्यावा. काही साधने न विचारता जेपेगमध्ये साठवतात. जेपेगचे ८ बाय ८ चे चौकोन हा ब्रिस्कच्या शिकवणीतला एक मुख्य बिघाड आहे, त्यामुळे एक प्रत पीएनजी आणि दुसरी जेपेग असेल तर गुणांतला फरक साधनांचा की साठवणीचा, हे सांगता येत नाही. सगळ्या प्रती पीएनजीतच घ्याव्यात.

गुण काढण्यासाठी मी ओपनसीव्हीचा जोड-संच, म्हणजे `opencv-contrib-python` वापरतो. मॉडेलच्या दोन फाइली त्याच्या संग्रहातून वेगळ्या घ्याव्या लागतात.

```python
import cv2
M = "brisque_model_live.yml"
R = "brisque_range_live.yml"
img = cv2.imread("prat_1.png")
print(cv2.quality.QualityBRISQUE_compute(img, M, R)[0])
```

एका तुलनेसाठी एकच अंमलबजावणी वापरावी. मॅटलॅबचे `brisque`, ओपनसीव्हीचे वरील फंक्शन आणि पायथनमधले `pyiqa` यांचे गुण एकाच तक्त्यात मांडू नयेत. राखाडी रूपांतर, प्रतिमा अर्धी करण्याची रीत आणि शिकवलेले मॉडेल यांत थोडा फरक पडला तरी गुण हलतो. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये आणखी एक दोष वारंवार आढळतो. प्रतिमा ० ते १ या पट्टीवर आणलेली असते, पण छेदातला १ तसाच राहतो. अशा वेळी `sigma` नगण्य ठरतो, सगळे `m` शून्याजवळ गोळा होतात आणि येणाऱ्या गुणाला काहीच अर्थ उरत नाही. पट्टी ० ते १ असेल, तर छेदात १/२५५ हवा.

कारण दुसरे: रवाळपणा कमी केला की गुण का बिघडतो

आकार सारखा केला तरी दुसऱ्या उपायाचे ४६ समजत नव्हते. माईंनी तर दुसरी प्रतच पसंत केली होती. येथे वरचे सूत्र हाताने मांडून पाहिले की उलगडा होतो.

फोटोत वर आकाशाचा मोठा पट्टा आहे. तिथे खरा तपशील काही नाही, फक्त जुन्या छापाचे रवे आहेत. समजा तिथे `sigma` ३ आहे आणि एखादा पिक्सेल सरासरीपेक्षा ३ ने उजळ आहे. त्याचे `m` झाले ३ ÷ ४, म्हणजे ०.७५. साधनाने रवे पुसले, `sigma` ०.३ वर आला आणि तोच पिक्सेल आता ०.३ ने उजळ आहे. `m` झाले ०.३ ÷ १.३, म्हणजे सुमारे ०.२३. संपूर्ण आकाशाचे असेच झाले की शून्याजवळच्या संख्यांचा ढीग लागतो आणि वक्र मध्याशी टोकदार होतो. वर म्हटल्याप्रमाणे धूसर प्रतिमेची खूण हीच आहे. आकाश स्वच्छ झाले आहे की फोटो धूसर झाला आहे, हा भेद ब्रिस्कला करता येत नाही.

मग याच्या उलट परीक्षा घेतली. दुसऱ्या प्रतीवर मुद्दाम कृत्रिम रवे टाकून प्रत्येक मात्रेला गुण काढला.

```python
import numpy as np
img = cv2.imread("prat_2.png")
rng = np.random.default_rng(7)
for sd in (0, 1, 2, 4, 8):
    n = rng.normal(0, sd, img.shape[:2])[..., None]
    g = np.clip(img + n, 0, 255).round().astype(np.uint8)
    print(sd, cv2.quality.QualityBRISQUE_compute(g, M, R)[0])
```

रवे टाकण्यापूर्वी गुण ४६ होता. मात्रा २ वर नेली तेव्हा तो तिशीच्या घरात आला आणि मात्रा ८ झाली तेव्हा पुन्हा वर चढला. म्हणजे फोटोत एकही खरा तपशील न घालता, केवळ यादृच्छिक धूळ शिंपडून दुसरा उपाय मूळ आकाराला आणलेल्या पहिल्याच्या बरोबरीला आणता आला. ही परीक्षा मी आता प्रत्येक तुलनेआधी घेतो आणि ती सर्वांनी घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण तिला दोन मिनिटे लागतात. निरर्थक धूळ टाकल्याने गुण सुधारत असेल, तर त्या प्रतिमेपुरता त्या गुणावर कोणताही निर्णय बेतू नये.

याचीच दुसरी बाजू म्हणजे रवाळ मूळ छाप. जुन्या फिल्मचे रवे ब्रिस्कला पांढऱ्या रवाळपणासारखे दिसतात, म्हणून चांगल्या अवस्थेतला रवाळ फोटोही दंड भरतो. मुद्दाम मागची बाजू धूसर ठेवून काढलेले व्यक्तिचित्र, धुक्यातली पहाट, समुद्रावरचे मोकळे आकाश असे फोटोही विनाकारण मागे पडतात. वर्तमानपत्रातून स्कॅन केलेले ठिपक्यांचे छाप, हस्तलिखित पाने आणि रेखाचित्रे यांच्यावर तर हा मापक लावूच नये. ती नैसर्गिक दृश्ये नाहीत आणि घंटाकृती वक्राचा अंदाज त्यांना लागू नाही.

कारण तिसरे: कॉन्ट्रास्ट आणि रंग यांच्याकडे दुर्लक्ष

तिसऱ्या उपायात फिका फोटो चांगला उठून आला होता, तरी गुण सुधारण्याऐवजी थोडा बिघडला. याचेही उत्तर भागाकारातच आहे. भिंतीवर एका ठिकाणी सरासरी १२०, `sigma` १० आणि पिक्सेल १३० असेल तर `m` म्हणजे १० ÷ ११, अर्थात ०.९१. कॉन्ट्रास्ट दुप्पट केला, `sigma` २० झाला, पिक्सेल १४० झाला, आणि `m` झाले २० ÷ २१, म्हणजे ०.९५. डोळ्यांना भिंत जिवंत झाल्यासारखी दिसते, मापकाला मात्र जवळजवळ काहीच घडलेले दिसत नाही. सपाट जागी कॉन्ट्रास्ट वाढला की मात्र रवे उठतात, आणि ते त्याला लगेच दिसतात. त्यामुळे फायदा मोजला जात नाही आणि तोटा मोजला जातो.

रंगाचे तर त्याहून सोपे आहे. ब्रिस्क प्रतिमा राखाडी करूनच हिशेब करतो. पिवळटपणा काढणारी किंवा कृष्णधवल फोटोत रंग भरणारी साधने तपासताना हा गुण रंगाबद्दल अक्षरही सांगत नाही.

नाइक हा याच घराण्यातला २०१३ चा मापक आहे. त्याला माणसांचे गुण लागत नाहीत. निवडक चांगल्या प्रतिमांच्या पोताशी समोरच्या प्रतिमेच्या पोताचे अंतर तो मोजतो. म्हणून तो वेगळा साक्षीदार वाटतो, पण भागाकाराची पायरी तीच असल्याने वरची तिन्ही कारणे त्यालाही लागू होतात. दोघांचे एकमत झाले म्हणजे निष्कर्ष पक्का, असे मी सुरुवातीला धरून चाललो होतो आणि ते चूक होते.

मग तुलना कशी करावी

वळेसराचे फडके झाल्याचे पकडायचे, तर प्रत पुन्हा मूळ स्कॅनशीच ताडून पाहावी लागते. मूळ स्कॅन बिघडलेला असला तरी त्यात काय होते याचा तोच एक पुरावा आहे. प्रत मूळ आकाराला आणावी, तिची एकूण उजळी स्कॅनशी जुळवावी, दोन्हींची वजाबाकी करावी आणि फरक चौपट करून राखाडी पार्श्वभूमीवर पाहावा. ब्यूआदेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ मध्ये नॉन-लोकल मीन्स पद्धत मांडताना अशाच वजाबाकीचा आग्रह धरला होता. चांगल्या साधनाने काढून टाकलेला भाग निव्वळ रव्यांसारखा दिसला पाहिजे. त्यात चेहऱ्याची कड, साडीचा काठ किंवा फुलांची रांग ओळखू आली, तर साधनाने फोटोतलाच ऐवज काढला किंवा बदलला आहे.

आमच्या दुसऱ्या प्रतीच्या वजाबाकीत सर्वत्र एकसारखे रवे होते, आणि वृंदावनाच्या कडेशी एक अतिशय फिकट रेघ होती. पहिल्या प्रतीच्या वजाबाकीत दोन्ही वळेसर स्पष्ट वाचता आले, शिवाय डावीकडून तिसऱ्या बाईच्या डोळ्यांच्या जागी दोन ठसठशीत ठिपके होते. ते डोळे साधनाने नव्याने काढले होते. हे माईंच्याही लक्षात आले नव्हते, कारण ती बाई त्यांच्या ओळखीची नव्हती. अशा ठिकाणी माणसाची नजरही अपुरी पडते आणि वजाबाकीच कामाला येते.

तिसऱ्या उपायासारखी कॉन्ट्रास्ट बदलणारी साधने मात्र या वजाबाकीत नीट तपासता येत नाहीत. तिथे स्थानिक उजळीचा बदल सगळीकडे उमटतो आणि आकार ओळखू येणारच. त्यांच्यासाठी आधी रवे काढणे आणि कॉन्ट्रास्ट वाढवणे या दोन पायऱ्या वेगळ्या कराव्यात आणि केवळ पहिलीची वजाबाकी पाहावी.

दुसरी परीक्षा खऱ्या मूळ प्रतिमेसह घेता येते. मी आजच्या कॅमेऱ्याने चिऱ्याची भिंत, तुळशीवृंदावन आणि केसांत वळेसर माळलेल्या आमच्या घरातल्या मुलीचा फोटो काढला. तो लहान केला, किंचित धूसर केला, रवे टाकले आणि ती बिघडवलेली प्रत तिन्ही साधनांना दिली. आता खरे मूळ हाताशी असल्याने २००४ पासून प्रचलित असलेल्या एसएसआयएमने मुळाशी साम्य मोजता आले, आणि ब्रिस्कचा क्रम त्याच्या शेजारी मांडता आला. दोन्ही क्रम जुळले नाहीत: साम्यात दुसरे साधन पुढे होते, ब्रिस्कमध्ये पहिले. मुलीच्या वळेसराची तीच लेस इथेही झाली, आणि या वेळी खरा वळेसर शेजारी ठेवून दाखवता आला. अर्थात हाताने केलेला बिघाड जुन्या छापाच्या बिघाडासारखा तंतोतंत नसतो, म्हणून या परीक्षेतून साधनाची प्रवृत्ती कळते, एकेका जुन्या फोटोचा निकाल कळत नाही.

माणसांना विचारायचे असेल, तर दोन-दोन प्रती शेजारी ठेवून, डावी-उजवी बाजू दर वेळी बदलून, नावे न सांगता विचारावे. "सुंदर कोणता?" असे विचारले तर बहुतेक जण धारदार प्रत निवडतात. "त्या दिवसाचा, त्या माणसांचा वाटतो तो कोणता?" असे विचारले की उत्तर बदलते. आमच्या कामाला दुसरा प्रश्न लागू पडतो.

ब्रिस्क कुठे चालतो

हा मापक मी टाकून दिलेला नाही. एकाच साधनातून, एकाच आकारात, एकाच फोटोच्या अनेक प्रती आल्या आणि त्यांत फक्त धूसरपणा किंवा जेपेगची मात्रा बदलत असेल, तर त्याचा क्रम बहुधा बरोबर येतो, कारण नेमके हेच त्याला शिकवलेले आहे. स्कॅनरच्या काचेवर छाप नीट न टेकल्याने एखादे स्कॅन हलके धूसर येते. तोच छाप दोनदा स्कॅन करून दोहोंपैकी कोणते ठेवायचे, हे मी ब्रिस्कवरूनच ठरवतो. घरोघरी जाऊन मोबाइलने काढलेल्या फोटोंचे गठ्ठे येतात, तेव्हा हाताने पाहण्याआधी हललेले फोटो बाजूला काढायलाही तो उपयोगी पडतो. तिथेही मी अख्ख्या प्रतिमेचा गुण घेत नाही. ठरावीक जागेचे चार-पाच तुकडे कापून त्यांचे गुण वेगवेगळे पाहतो, म्हणजे मोठे आकाश किंवा पांढरी भिंत निकाल फिरवत नाही. तुकडा फार लहानही नसावा, नाहीतर वक्र बसवायला पुरेशा संख्या मिळत नाहीत. मी २५६ बाय २५६ पिक्सेलच्या खाली जात नाही.

वाचनालयाच्या भिंतीवर शेवटी दुसऱ्या उपायाची प्रत लागली, किंचित कॉन्ट्रास्ट वाढवून. कार्यवाहांच्या नोंदवहीत आता प्रत्येक फोटोपुढे स्कॅनचा आकार, साधनाचे नाव आणि आवृत्ती, फाइलचा प्रकार, गुण कोणत्या अंमलबजावणीने काढला ते आणि वजाबाकीच्या चित्राचा क्रमांक लिहिलेला असतो. पहिली प्रतही आम्ही ठेवली आहे, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तिच्या नावातच "तपशील भरलेला" असे लिहून.